सोने ठेवले की व्याज का उतरते?

एकाच बँकेच्या एकाच शाखेत, एकाच माणसाला, दोन लाख रुपये दोन वेगळ्या दरांनी मिळू शकतात. पगाराच्या स्लिपा दाखवून वैयक्तिक कर्ज मागितले तर चौदा ते सोळा टक्क्यांच्या आसपास दर सांगतात. घरातल्या पाटल्या नि मोहनमाळ आणून काउंटरवर ठेवली, तर तोच अधिकारी नऊ-दहा टक्क्यांवर येतो. माणूस तोच, पगार तोच, पत तीच. मग मधले पाच-सहा टक्के गेले कुठे?

बहुतेकांचा समज असा की तारण दिले म्हणजे आपल्यावरचा विश्वास वाढला आणि म्हणून बँकेने सूट दिली. विश्वासाचा इथे फारसा संबंध नाही. व्याजाच्या दरात एक भाग असा असतो जो पैसे बुडवणाऱ्यांची तूट भरून काढण्यासाठी पैसे फेडणाऱ्यांकडून घेतला जातो. तारण ठेवले की तो भाग जवळजवळ नाहीसा होतो. ही तूट कशी मोजतात ते एकदा कळले, की कोणते कर्ज तारणावर घ्यावे आणि कोणते मुळीच घेऊ नये, हे ठरवणे बरेच सोपे जाते.

हिशेब अगदी साध्या आकड्यांवर मांडू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या बँकेचे नाहीत. समजा बँकेने शंभर जणांना प्रत्येकी एक लाख, म्हणजे एकूण एक कोटी रुपये दिले. त्यातल्या चौघांनी फेड थांबवली. कर्ज विनातारण असेल तर या चौघांच्या मागे फोन, नोटिसा, वसुलीची माणसे आणि शेवटी दावा. एवढे करून चार लाखांपैकी एक लाख हाती लागले असे धरा. तीन लाख बुडाले. एक कोटीवर तीन लाख म्हणजे तीन टक्के. हे पैसे बँक कुठून आणणार? उरलेल्या शहाण्णव जणांच्या व्याजातून. त्यामुळे ठेवीदारांचे व्याज, शाखेचा खर्च आणि नफा मिळून बँकेला अकरा टक्के लागत असतील, तर विनातारण कर्जाचा दर चौदाच्या थोडा वरच ठेवावा लागतो.

आता त्याच शंभर जणांनी सोने ठेवले आहे असे समजा. चौघे थकले, बँकेने रीतसर नोटीस देऊन दागिने लिलावात काढले आणि चार लाखांपैकी तीन लाख ऐंशी हजार वसूल झाले. वीस हजार बुडाले, म्हणजे ०.२ टक्के. दर अकराच्या किंचित वर ठेवला तरी भागते. लक्षात घ्या, या हिशेबात थकणारे लोक कमी झालेले नाहीत. दोन्हीकडे चारच आहेत. थकल्यावर बुडणारी रक्कम तेवढी कमी झाली. दर उतरतो तो मुख्यतः यामुळे.

याला दोन गोष्टी जोडल्या जातात. पहिली, प्रत्यक्षात थकणारेही थोडे कमी होतात. महिनाअखेरीस पैसे अपुरे पडले की माणूस आधी कोणता हप्ता भरतो? ज्याच्या मागे आईच्या पाटल्या आहेत तो. दुसरी गोष्ट नियमांची आहे. बँकेला प्रत्येक कर्जामागे स्वतःचे काही भांडवल राखून ठेवावे लागते आणि कर्ज जितके जोखमीचे तितके ते जास्त लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक कर्जांचे जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केले. या वाढीतून घर, शिक्षण आणि वाहन यांची कर्जे वगळली, तशी सोनेतारण कर्जेही वगळली. राखून ठेवलेले भांडवल बँकेला फुकट पडत नाही. त्याचा बोजा शेवटी दरातच येतो.

हा फरक फक्त बँकांचा नाही. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारांसाठी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शासनाने व्याजाच्या मर्यादा ठरवून दिल्या. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के. इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. दोन्हीकडे तीन टक्क्यांचे अंतर आहे. तुमच्या गावातला सावकार महिन्याला तीन-चार टक्के सांगत असेल, तर तो कायद्याच्या कितीतरी बाहेर आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मात्र सगळी तारणे सारखी नसतात. बँक तारणाकडे पाहताना दोन प्रश्न विचारते: हे विकायला किती दिवस लागतील, आणि विकताना किती किंमत येईल याची खात्री किती? या दोन उत्तरांवर दर ठरतो. त्याच बँकेतली मुदतठेव तारण ठेवली, तर विकण्याचा प्रश्नच येत नाही. थकलात तर ठेव मोडून खाते बंद. म्हणून ठेवीवरचे कर्ज साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्क्यांनी जास्त दराने मिळते, त्याहून स्वस्त कर्ज सामान्य माणसाला सहसा मिळत नाही. पुष्कळ लोक घरात ठेव असताना वैयक्तिक कर्ज काढतात, ‘ठेवीला हात लावायचा नाही’ म्हणून. या हट्टाची किंमत दरवर्षी सहा-सात टक्के पडते.

घराचे तारण मोठे असते, पण सावकाश विकले जाते. हप्ते थकून नव्वद दिवस झाले की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा, त्यात जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज, कर्जवसुली न्यायाधिकरणातले अपील. आधी कागद करायलाच वेळ आणि पैसा लागतो: वकिलाचा टायटल सर्च, मूल्यांकनाचा अहवाल, मुद्रांक शुल्क, बोजाची नोंद. पन्नास लाखांच्या कर्जावर हा खर्च जाणवत नाही. दोन लाखांसाठी घर गहाण टाकणे मात्र परवडत नाही, बँकेलाही आणि तुम्हालाही. वाहनाचा प्रकार तिसराच. त्यात नजरगहाण असते, म्हणजे गाडी तुमच्याच ताब्यात राहते आणि आरसी बुकावर बँकेचे नाव चढते. गाडीची किंमत शोरूमबाहेर पडल्यापासून उतरत जाते, शिवाय ती सापडावी लागते. म्हणून जुन्या गाडीच्या कर्जाचा दर तारण असूनही चढा असतो.

सोने या सगळ्यांत वेगळे ठरते. ते बँकेच्या तिजोरीत असते, त्याला रोजचा जाहीर भाव असतो आणि गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. कायद्याच्या भाषेत हे ताबेगहाण, १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले. त्याच्या कलम १७६ नुसार धनकोला वाजवी नोटीस देऊन वस्तू विकता येते; न्यायालयात जावे लागत नाही. विक्रीतून जास्त पैसे आले तर वरचे पैसे तुमचे, कमी आले तर उरलेली रक्कम देण्याची जबाबदारीही तुमचीच. हे शेवटचे वाक्य फार जणांना ठाऊक नसते. दागिना गेला म्हणजे कर्ज मिटले, असे आपोआप होत नाही.

आता प्रत्यक्ष एक प्रकरण पाहू. शाळेत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला मुलीच्या प्रवेशासाठी दोन लाख हवे आहेत आणि वर्षभरात फेडायची तयारी आहे. घरात पाटल्या आणि एक मोहनमाळ, तागडीवर एकूण ३६ ग्रॅम. सोप्या हिशेबासाठी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार धरू. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून आकडे बदला.

काउंटरवर सराफ किंवा बँकेचा मूल्यांकक आधी वजन करतो, मग वजावट. मोहनमाळेतले खडे, पाटल्यांतली लाख, दोरा, असे मिळून तीन ग्रॅम वजा झाले. निव्वळ ३३ ग्रॅम. कस पाहिल्यावर सोने २० कॅरेटचे निघाले. जुन्या दागिन्यांत हे नेहमीचे आहे, त्यात फसवणूक झाली असे मानायचे कारण नाही. आता ३३ ग्रॅमला २० ने गुणून २२ ने भागले की ३० ग्रॅम येतात. म्हणजे २२ कॅरेटच्या हिशेबाने ३० ग्रॅम आणि किंमत तीन लाख. घडणावळ यात कुठेच येत नाही. दागिना घेताना दिलेली मजुरी, डिझाइन, त्यावर भरलेला कर, हे सगळे बँकेच्या दृष्टीने शून्य. ‘आम्ही एवढ्याला घेतला होता’ हे वाक्य तिथे चालत नाही.

भाव कोणता धरायचा हेही ठरलेले आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जासाठी एकत्रित नियम काढले आणि ते अमलात आणायला बँकांना नि वित्त कंपन्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार मागच्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि कालचा बंद भाव, यांतला जो कमी तो धरतात. म्हणून भाव झपाट्याने चढत असताना बँकेचा आकडा सराफाच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी दिसतो.

तीन लाखांच्या सोन्यावर किती मिळेल? याच नियमांत, घरगुती गरजेसाठी कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याच्यावर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. काउंटरवरची मंडळी याला एलटीव्ही म्हणतात. आपल्या जोडप्याला दोन लाख हवेत, म्हणजे ६७ टक्के. आरामात बसते. इथे माझा एक आग्रह आहे: मर्यादा ८५ ची आहे म्हणून ८५ घेऊ नका. किमतीच्या जितक्या जवळ कर्ज जाते तितके बँकेचे संरक्षण पातळ होते, म्हणून अनेक ठिकाणी ग्रॅममागे जास्त रक्कम देणाऱ्या योजनेचा दरही जास्त असतो. कमी उचल मागितली तर खालचा दर आहे का, हे स्पष्ट विचारावे लागते. आपण होऊन कोणी सांगत नाही.

आता दोन कर्जे शेजारी ठेवू. वैयक्तिक कर्ज दोन लाख, १६ टक्के, बारा हप्ते. हप्ता सुमारे १८,१५० रुपये आणि वर्षाचे व्याज सुमारे १७,७५०. दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी मिळून आणखी ४,७२०. सोनेतारण कर्ज दोन लाख, १० टक्के, तेच बारा हप्ते. हप्ता सुमारे १७,६००, वर्षाचे व्याज सुमारे ११,०००. प्रक्रिया आणि मूल्यांकन शुल्क बहुधा हजाराच्या आसपास. एकूण दहा-साडेदहा हजारांची बचत. ही तारणाची खरी किंमत.

पण सोनेतारण कर्ज बारा हप्त्यांत फेडणारे थोडेच. काउंटरवर बहुतेकांना दिले जाते ते एकरकमी फेडीचे, ज्याला तिथे ‘बुलेट’ म्हणतात. वर्षभर काही भरायचे नाही, मुदत संपली की मुद्दल आणि व्याज एकदम. सोयीचे वाटते. हिशेब करा: दोन लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचे व्याज २०,०००. म्हणजे १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाच्या १७,७५० पेक्षाही जास्त! यात बँकेने फसवले असे नाही. हप्त्यांच्या कर्जात तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत जाता, म्हणून सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम वर्षभर वापरलेली असते. बुलेटमध्ये पूर्ण दोन लाख वर्षभर वापरता. फक्त दर पाहून निवड करणारा माणूस इथे चकतो. बुलेटच घ्यायचे असेल तर मध्ये पैसे हातात येतील तेव्हा भरता येतात का आणि भरल्यावर व्याज त्या दिवसापासून उतरते का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी तशी मुभा असते आणि सोनेतारण कर्जाचा खरा फायदा तिथेच आहे.

बुलेटची दुसरी अडचण वर्षाच्या शेवटी उभी राहते. २,२०,००० एकदम कुठून आणायचे? मग फक्त वीस हजार व्याज भरून कर्ज ‘रिन्यू’ केले जाते. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. दागिने बँकेत, मुद्दल जसेच्या तसे. पाच वर्षांत एक लाख व्याज जाते आणि पाटल्या अंगावर चढत नाहीत. नव्या नियमांनी घरगुती गरजेच्या बुलेट कर्जाची मुदत बारा महिन्यांवर आणली आणि नूतनीकरणापूर्वी साठलेले व्याज भरणे सक्तीचे केले, पण मुद्दल कमी करण्याची शिस्त नियम लावू शकत नाही. शिवाय बुलेटमध्ये मर्यादा मोजताना मुदतीअखेरची सव्याज रक्कम धरतात. आपल्या जोडप्याच्या बाबतीत ती २,२०,०००, म्हणजे तीन लाखांच्या ७३ टक्के.

समजा वर्षअखेरीस पैसे उभे राहिलेच नाहीत. भाव तोच आहे असे धरू. नोटीस येते, मुदत संपते, लिलाव ठरतो. लिलावाची राखीव किंमत चालू किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तर ८५ पर्यंत उतरता येते. तीन लाखांचे सोने २,७०,००० ला गेले. त्यातून २,२०,००० आणि लिलावाचा खर्च वजा होऊन पन्नास हजारांच्या आतले काही परत मिळेल. जास्तीची रक्कम लिलावाचे पूर्ण पैसे आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कर्जदाराला द्यायची असते. ती मागून घ्या. ‘लिलाव झाला, संपले’ म्हणून लोक परत शाखेत जातच नाहीत. पण पुढे तशाच पाटल्या करायला गेलात की पूर्ण भाव, वर घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. दहा हजार वाचवायला निघालेल्या घराचे पन्नास-साठ हजार सहज जातात.

म्हणून फेड जमणार नाही असे दिसू लागले, तर लिलावाची वाट पाहू नका. शाखेत जाऊन अर्धवट सोडवणूक मागा. एक दागिना सोडवून सराफाकडे स्वतः विकला तर लिलावापेक्षा बरा भाव येतो आणि त्या पैशातून बाकी कर्ज उतरते. कोणता दागिना जायचा हेही मग तुम्ही ठरवता.

भाव पडला तर? ७३ टक्क्यांवर असलेले कर्ज किमतीच्या वर जायला सोने २७ टक्के उतरावे लागेल. असे होत नाही, असे म्हणू नका. २०१३ मध्ये जागतिक बाजारात सोने वर्षभरात सुमारे २८ टक्क्यांनी उतरले होते. त्या काळी ज्यांनी किमतीच्या अगदी टोकापर्यंत उचल घेतली होती, त्यांना जादा सोने ठेवा किंवा काही रक्कम भरा, असे निरोप गेले.

शीर्षकातल्या नियमाला अपवादही आहेत. तारण असून सोनेतारण कर्जाचा दर २० टक्क्यांवर गेलेला तुम्ही वित्त कंपन्यांच्या दुकानांत पाहिला असेल. पंधरा हजारांच्या कर्जालाही तेच वजन, तोच कस, तीच तिजोरी आणि तोच विमा लागतो. रक्कम लहान असली की हा ठोक खर्च टक्केवारीत मोठा दिसतो. शिवाय अर्ध्या तासात, पगाराचा कागद न मागता पैसे देण्याची किंमत त्यात असते. आणि काही वेळा उलटेच घडते: ज्याची पत चांगली त्याला बँक तारण न मागता बारा टक्क्यांनी देते, आणि ज्याच्या उत्पन्नाची खात्री वाटत नाही त्याला घर गहाण ठेवूनही चौदाने. तारण हे पतीच्या जागी येते, पतीवर आणखी भर म्हणून नेहमीच येत नाही.

विनातारण म्हणजे बिनधास्त, असेही कोणी समजू नये. हप्ता भरण्यासाठी बँकेला दिलेला आदेश पैसे नसल्याने परतला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक न वटल्यावर होते तशीच. सिबिलवरचा डाग वर्षानुवर्षे राहतो. दाव्याचा हुकूमनामा झाला की मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. फरक इतकाच की विनातारण कर्जात बँकेला कुठल्या एका वस्तूवर आधीपासून हक्क नसतो. पतसंस्थेत दोन जामीनदार घेऊन मिळणारे कर्जही विनातारणच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, पण त्याची कुठली वस्तू संस्थेच्या तिजोरीत नसते, म्हणून तिथला दर सोनेतारणाइतका उतरत नाही.

मग कधी काय घ्यावे? माझे मत सांगतो. रक्कम लहान, मुदत वर्षाच्या आतली आणि फेडीचा पैसा कुठून येणार हे नावानिशी ठाऊक असेल, म्हणजे ऊस बिल, ठेवीची मुदत, बोनस, तर सोने ठेवावे. पगार नियमित आहे पण फेडायला तीन वर्षे लागणार, तर पाच-सहा टक्के जास्त देऊन हप्त्यांचे वैयक्तिक कर्ज घेतलेले बरे; निदान मुद्दल उतरत जाते. धंद्यातला तोटा भरायला, किंवा एका कर्जाचे हप्ते दुसऱ्या कर्जाने भरायला सोने कधीच ठेवू नये. तिथे दहा टक्के स्वस्त आहेत की सोळा महाग, हा प्रश्नच गौण असतो. आणि दागिने सुनेचे असतील तर ते तिचे स्त्रीधन आहे. मालकीचे निवेदन कर्जदाराच्या सहीने होते, त्यामुळे सासऱ्याने किंवा नवऱ्याने तिला न विचारता तिथे सही करणे कायद्याच्या दृष्टीनेही गैर आहे.

कर्ज घेताना दोन कागद नीट पाहा. एक, ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला द्यायचे की फॅक्ट स्टेटमेंट. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागता येते. त्यात व्याजाशिवाय शुल्क, विमा वगैरे मिळवून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, दिलेला असतो; दोन कर्जांची तुलना त्या आकड्यावर करा, पाटीवरच्या दरावर नाही. दुसरा, दागिन्यांच्या मूल्यांकनाचा दाखला. त्यावर एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट, कस, किंमत आणि दागिन्यांचा फोटो हवा. मूल्यांकन तुमच्यासमोर झाले पाहिजे. वजावटीचा आकडा पटला नाही तर सही करण्याआधी बोला, नंतर उपयोग नाही. हे सगळे नियम बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना लागू आहेत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि परवानाधारक सावकार सावकारी कायद्याच्या. तिथे सात दिवसांची किंवा ९० टक्क्यांची ही हमी गृहीत धरू नका, त्यांचा करारच वाचा.

करारात एक कलम शोधा. ‘कर्जदाराच्या अन्य कोणत्याही थकबाकीसाठी हे तारण राखून ठेवण्याचा बँकेला अधिकार राहील’ अशा आशयाचे. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकेला सर्वसाधारण धारणाधिकार दिलेला आहे आणि बँका तो करारात उतरवून घेतात. परिणाम असा होतो की सोन्याचे कर्ज पूर्ण फेडून तुम्ही दागिने आणायला जाता आणि त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी पुढे येते. ती भरेपर्यंत दागिने मिळत नाहीत. म्हणून ज्या बँकेत कार्डाची किंवा दुसऱ्या कर्जाची थकबाकी आहे, तिथे सोने ठेवू नका. ठेवलेच असेल तर फेडीच्या आधी सगळ्या खात्यांची बाकी लेखी मागून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. दागिने ताब्यात घेताना दाखल्यावरच्या फोटोशी आणि वजनाशी काउंटरवरच ताडून पाहा, आणि मगच मिळाल्याची सही करा.